झाकण, ढवळणं आणि थांबणं: मायक्रोवेव्हमधली तीन अंतरं

रात्रीचं उरलेलं वरण सकाळी मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की तीन मिनिटांत त्याची कड खदखदते, वाटीला हात लावता येत नाही, आणि मधोमध चमचा घातला तर तिथलं वरण अजून फ्रिजइतकंच गार असतं. मंगरूळपीरमध्ये ज्यांच्या घरी हे यंत्र आलं आहे त्यांच्याकडून ही तक्रार हमखास ऐकू येते. तिच्यावरचे उपाय प्रत्येक माहितीपुस्तिकेत छापलेले असतात: झाकण ठेवा, मधे ढवळा, बीप वाजल्यावर दोन मिनिटं थांबा. पण हे तिन्ही उपाय एका दमात सांगितले जातात, जणू त्यातला कुठलाही एक केला तरी चालेल. मला वाटतं घोळ इथेच होतो. ही तीन कामं वेगवेगळ्या अंतरांवर चालतात. ढवळण्याचा हिशेब सेंटीमीटरमध्ये होतो, थांबण्याचा मिलिमीटरमध्ये, आणि झाकणाचं काम अन्नाच्या पृष्ठभागावर आणि फोडींच्या फटींमध्ये चालतं. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. हे कसं, ते जरा सविस्तर पाहायला हवं.

सुरुवात यंत्रापासून. मायक्रोवेव्हमधला मॅग्नेट्रॉन मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या रडारसाठी घडवला गेला. रेथिऑन या अमेरिकन कंपनीतले अभियंते पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये त्यावर अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५० मध्ये ते मंजूर झालं. घरगुती यंत्रांतल्या लहरी सेकंदाला २४५ कोटी वेळा कंप पावतात आणि त्यांची लांबी हवेत सुमारे १२ सेंटीमीटर असते. या लांबीला इथे फार महत्त्व आहे. धातूच्या बंद खोक्यात लहरी भिंतींवर आपटून परत फिरतात, येणारी आणि जाणारी लहर एकमेकींत मिसळते, आणि खोक्यात काही जागा कायमच्या तीव्र तर काही जागा कायमच्या मंद होतात. दोन तीव्र जागांमधलं अंतर साधारण अर्ध्या लहरीएवढं, म्हणजे ६ सेंटीमीटरच्या आसपास असतं. खोक्याच्या मापाप्रमाणे आणि आत ठेवलेल्या अन्नाप्रमाणे ते कमीजास्त होतं.

हा नकाशा डोळ्यांनी पाहायचा तर उडदाचे पापड कामाला येतात. फिरणारी काचेची थाळी काढून ठेवायची, तिथे न फिरणारं सपाट काचेचं भांडं उपडं ठेवायचं आणि त्यावर पापड एकाला एक चिकटवून पसरायचे. कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवायचं, म्हणजे यंत्र अगदीच रिकामं चालत नाही. मग पूर्ण शक्तीवर अर्धा मिनिट. दार उघडलं की काही ठिकाणी पापड पांढरा फुललेला असतो आणि त्याच्याच बाजूला दोन बोटांवर तसाच कच्चा, पिवळट. पुढच्या वेळी थाळी फिरती ठेवून हेच केलं तर ठिपक्यांच्या जागी वर्तुळाकार पट्टे दिसतात. फिरत्या थाळीचं सारं सामर्थ्य आणि सारी मर्यादा त्या पट्ट्यांत दिसते. ती अन्नाला गोल फिरवते, त्यामुळे एकाच वर्तुळावरचे भाग सारखे तापतात, पण आतलं वर्तुळ आणि बाहेरचं वर्तुळ यांच्यातला फरक तसाच राहतो. थाळीच्या मधोमध ठेवलेली वस्तू जागची हलतच नाही. ती मंद जागेवर असेल तर पाच मिनिटं तिथेच फिरत राहते. एकच वाटी तापवायची असेल तर ती मधोमध न ठेवता थाळीच्या कडेकडे ठेवावी. हा पुस्तिकांमधला सल्ला याच कारणाने खरा आहे, आणि तो पाळणारे मात्र फार कमी.

आता लहरी अन्नात किती खोल जातात ते. मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतं असं अनेकजण खात्रीने सांगतात, आणि ते चूक आहे. पाणीदार अन्नात बहुतेक शक्ती पृष्ठभागापासून पहिल्या एक ते तीन सेंटीमीटरमध्येच संपते. पाच सेंटीमीटर जाडीच्या वरणाच्या थराला वरून, खालून आणि बाजूने लहरी मिळतात, तरी मधल्या भागाला उरलंसुरलंच पोहोचतं. मीठ जास्त असेल तर लहरी आणखी वरच अडतात. म्हणून खारट रस्सा कडेला लवकर उसळतो आणि आतून मागे राहतो. तर अन्न एकसारखं न तापण्याची कारणं दोन: खोक्यातल्या तीव्र-मंद जागा आणि लहरींची अपुरी खोली. दोन्ही कारणांचं माप सेंटीमीटरमध्ये आहे, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

सगळ्यात जास्त गैरसमज थांबण्याबद्दल आहे. यंत्र बंद झाल्यावर अन्न झाकून ठेवलं की गरम भागाची उष्णता थंड भागाकडे जाते आणि सगळं सारखं होतं, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण किती अंतरापर्यंत, हे कुणी सांगत नाही. अन्नात उष्णता फार सावकाश सरकते. पाणीदार अन्नाचा उष्णता पसरण्याचा गुणांक साधारण पाण्यासारखाच असतो, आणि त्यावरून हिशेब केला तर दोन मिनिटांत उष्णता जेमतेम चार-पाच मिलिमीटर अंतर नीट कापते. शिवाय अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. एक सेंटीमीटर जायला दहा-बारा मिनिटं, दोन सेंटीमीटरला पाऊण तास. मग ३ सेंटीमीटरवर असलेल्या गरम आणि गार जागा दोन मिनिटांच्या विसाव्यात एक कशा होणार? होत नाहीत. घट्ट वरण, पिठलं, थिजलेला भात यांत तर नाहीच. पातळ कढीत द्रव स्वतःच थोडा फिरतो, म्हणून तिथे जरा बरं. तरी ढवळायचं टाळून जास्त वेळ थांबणं म्हणजे अन्न बाहेरून गार होऊ देणं आहे, त्याने आतलं गरम होत नाही.

मग थांबायचं कशासाठी? चार-पाच मिलिमीटर हे अंतर लहान वाटलं तरी भाजीच्या फोडीसाठी ते पुरेसं आहे. फुलकोबीचा देठ, गाजराची चकती, बरबटीची शेंग यांची अर्धी जाडी साधारण तेवढीच असते. नीट ढवळलेल्या वरणातही गरम-गार भाग आता चमच्याएवढे, मिलिमीटरांच्या मापाचे होऊन विखुरलेले असतात, आणि ते अंतर दोन मिनिटांत खरोखर भरून निघतं. म्हणजे ढवळणं मोठ्या अंतराचे तुकडे करतं आणि थांबणं त्या तुकड्यांमधला फरक पुसतं. हा क्रम उलटा करता येत नाही, आणि पहिली पायरी गाळून दुसरीवर भागत नाही.

झाकणाचं काम वेगळं आहे. तव्यावर किंवा कुकरमध्ये अन्नाभोवतीची हवा गरम असते. मायक्रोवेव्हमध्ये ती जवळपास खोलीइतकीच असते, कारण लहरी हवेला तापवत नाहीत. त्यामुळे उघड्या अन्नाचा पृष्ठभाग एकीकडे तापतो आणि दुसरीकडे वाफ होऊन गार होत राहतो. पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे २२६० ज्यूल उष्णता लागते. पाव किलो भाजीतून ३० ग्रॅम पाणी उडालं तर जवळपास ६८ हजार ज्यूल गेले, आणि तेवढ्या उष्णतेत तीच पाव किलो भाजी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत पोहोचली असती. म्हणून उघडी ठेवलेली भाजी वाळते, सुरकुतते आणि तरी कच्ची राहते.

झाकणाखाली मात्र ती वाफ अडते. अडलेली वाफ पुन्हा पाणी होते तेव्हा घेतलेली सारी उष्णता परत देते, आणि ती पाणी होते कुठे? जिथे पृष्ठभाग सर्वात गार आहे तिथे. तीव्र जागेवरच्या फोडीतून निघालेली वाफ मंद जागेवरच्या फोडीवर जाऊन बसते. ढवळण्याशिवाय एक-दोन इंचांचा फरक पुसायची ताकद एवढ्या एका गोष्टीत आहे, पण वाफेला जायला फटी हव्यात. मोकळ्या फोडींच्या भाजीत त्या असतात. दाबून बसलेल्या भातात किंवा घट्ट पिठल्यात नसतात, म्हणून तिथे झाकण फक्त वरचा थर ओला ठेवतं.

झाकण हवाबंद नको. वाफेला निसटायला बारीक वाट हवी, नाहीतर ते उडतं किंवा भांडं तडकतं. चिनी मातीची किंवा काचेची बशी वाटीवर उपडी ठेवली तर ती आपल्या वजनाने बसते आणि गरजेपुरती उचलली जाते. याहून चांगलं झाकण विकत मिळत नाही. वरणाचा स्टीलचा डबा झाकणासकट थेट आत ठेवायची सवय आपल्याकडे मोठी आहे, आणि ती सोडावीच लागते, कारण धातू लहरींना परतवतो. उंच स्टीलच्या डब्यातल्या अन्नापर्यंत त्या फक्त वरच्या तोंडातून पोहोचतात आणि कडांपाशी ठिणग्या उडू शकतात. प्लास्टिकच्या डब्याबद्दल मी कडक आहे. तर्री आलेला रस्सा त्यात तापवला की तेलाच्या रेषेवर डबा पांढरा-खरखरीत होतो, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. पाणी उकळीवर थांबतं, तेल थांबत नाही, म्हणून त्या रेषेवर प्लास्टिक १०० अंशांच्या वर जाऊ शकतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही प्लास्टिकच्या भांड्यांतून सर्वात जास्त सूक्ष्म कण बाहेर पडले ते मायक्रोवेव्हमध्ये तापवल्यावर. काचेचं भांडं असताना हा धोका घ्यायचं कारण नाही.

आता भाजी वाफवण्याचं एक उदाहरण पूर्ण घेऊ, कारण मायक्रोवेव्हला खरोखर जमणारं काम कुठलं असेल तर हे. पाव किलो फुलकोबी, तुरे तीन ते चार सेंटीमीटरचे. यंत्र ८०० वॅटचं धरू. यंत्राच्या पाठीमागच्या पट्टीवर दोन आकडे असतात. मोठा आकडा यंत्र विजेच्या तारेतून किती ओढतं तो, आणि लहान आकडा अन्नाला किती मिळू शकतं तो. आपल्या कामाचा लहान. ३० अंशांवरची पाव किलो फुलकोबी आणि ३० मिली पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ७७ हजार ज्यूल लागतात. ८०० वॅटने भागलं तर ९६ सेकंद. काचेचं भांडं थोडी उष्णता खातं, आणि थोडक्या अन्नाला यंत्राची सगळी शक्ती मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात वाफ यायला दोन मिनिटं धरावीत.

भांडं पसरट आणि गोल घ्यायचं. चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यांना दोन-तीन बाजूंनी लहरी मिळतात आणि तिथल्या फोडी जळतात. देठ जाड, म्हणून देठ बाहेरच्या कडेला आणि फुलं आत, मधे थोडी जागा रिकामी. दोन मोठे चमचे पाणी तळाला. मीठ आता नाही. सुकं मीठ जिथे पडतं तिथे लहरी जास्त शोषल्या जातात आणि फुलांवर तपकिरी, चामट डाग पडतात. ते शेवटी घालायचं. बशी उपडी ठेवून पूर्ण शक्तीवर दोन मिनिटं. बशी उचलताना कड आपल्यापासून लांबच्या बाजूने उचलायची, वाफेने मनगट भाजतं. फोडी खालवर करायच्या, बाहेरच्या आत आणि आतल्या बाहेर. परत झाकून दीड ते दोन मिनिटं. देठात सुरी घातली तर ती आत जावी पण किंचित अडावी, अशा टप्प्यावर थांबायचं. पूर्ण शिजेपर्यंत चालू ठेवलं तर ती विसाव्यात जास्त शिजते. भाजी मऊ होते ती पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळू लागतं तेव्हा, आणि त्याला ८० अंशांच्या वरचं तापमान लागतं. झाकलेल्या भांड्यात भाजी दोन-तीन मिनिटं त्या तापमानाच्या वर राहते, म्हणजे शिजणं चालूच असतं. दोन मिनिटांनी झाकण काढायचं, मग मीठ, लिंबू, बारीक चिरलेला सांबार.

चुकलं कुठे ते भांडंच सांगतं. तळाला पाणी अजिबात उरलं नसेल आणि कडेचे तुरे आकसले असतील तर झाकण सैल होतं किंवा वेळ जास्त झाला. तळाला पाणी भरपूर आणि पिवळसर असेल तर पाणी जास्त झालं, आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्यात उतरली. मायक्रोवेव्हने भाजीतली जीवनसत्त्वं मरतात असं म्हणतात तेव्हा दोष बहुतेक वेळा या पाण्याचा असतो. ते पाणी वरणात घालावं, फेकू नये. काही तुरे गाळ आणि काही कडक असतील तर मधे ढवळायचं राहिलं.

गवारीला जास्त पाणी आणि जास्त वेळ लागतो, तिच्यात ओलावा कमी आणि साल चिवट. बरबटी फुलकोबीसारखीच वागते. सालासकट आलू किंवा भरताचं वांगं ठेवायचं तर काट्याने चारी बाजूंनी टोचायला हवं, नाहीतर आतली वाफ साल फोडते. लहान गोल आलूत आणखी एक गंमत आहे. चार-पाच सेंटीमीटरच्या गोळ्यात सगळ्या बाजूंनी आलेल्या लहरी मध्यभागी एकवटतात आणि तिथे तो सर्वात जास्त तापतो. आतून शिजतं हा समज कदाचित अशाच गोल गोष्टींवरून पसरला असावा. भरताचं वांगं मऊ होतं खरं, पण तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास त्याला येत नाही. तो यायचाच असेल तर जाळ पेटवायला लागतो.

वर दिलेला हिशेब ८०० वॅटचा आणि ३० अंशांचा आहे. मंगरूळपीरच्या मे महिन्यात ओट्यावरची भाजी ३८ अंशांवर असू शकते, आणि डिसेंबरच्या पहाटे १५ वर. पहिलीला उकळीपर्यंत ६२ अंश चढायचे आहेत, दुसरीला ८५. एकाच भाजीला, एकाच यंत्रात, हिवाळ्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ लागतो. दुसरं, विजेचा दाब. मोटारी चालू असताना दिवे मिणमिणतात त्या वेळी मायक्रोवेव्हही कमी शक्तीवर चालतं आणि पडद्यावरचा वेळ तसाच उलटा मोजत राहतो. म्हणून आपल्या घरातल्या यंत्राची खरी शक्ती एकदा मोजून ठेवावी. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०७०५ क्रमांकाच्या मानकात एक लिटर गार पाणी तापवून ही मोजणी होते, आणि घरीही त्याच धर्तीवर करता येते. काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी, तापमान मोजायचं, पूर्ण शक्तीवर बरोबर एक मिनिट, ढवळून पुन्हा मोजायचं. जितके अंश चढले त्याला ७० ने गुणलं की वॅट मिळतात. दहा अंश चढले तर ७०० वॅट, आठ चढले तर ५६०. स्वयंपाकाचा टोचायचा थर्मामीटर यासाठी पुरतो, आणि तो पुढे वरण तपासायलाही लागणारच आहे.

हा थर्मामीटर हौसेखातर घ्यायला सांगत नाही. अन्न पुन्हा तापवताना प्रश्न चवीपुरता राहत नाही. १९९२ मध्ये अलास्कातल्या जुनो शहरात एका मेजवानीतलं भाजलेलं मांस लोकांनी घरी नेलं आणि पुन्हा तापवून खाल्लं. त्यात साल्मोनेला होता. ज्या दहा जणांनी ते मायक्रोवेव्हमध्ये तापवलं ते सगळे आजारी पडले, आणि ज्या वीस जणांनी ओव्हनमध्ये किंवा तव्यावर तापवलं त्यांच्यातला एकही नाही. मायक्रोवेव्ह जंतू मारत नाही असा याचा अर्थ काढणं चूक ठरेल. ७४ अंशांना पोहोचलेल्या घासातले साल्मोनेलासारखे जंतू कुठल्याही यंत्राने तापवले तरी मरतात. तव्यावर मात्र माणूस अन्न परततो, आणि मायक्रोवेव्हमध्ये बीप वाजला की ताट बाहेर काढतो. २००७ मध्ये अमेरिकेत मांसाचं सारण भरलेल्या गोठवलेल्या पदार्थामुळे साल्मोनेलाने शेकडो लोक आजारी पडले, तेव्हाही पाकिटावरचा वेळ किती वॅटच्या यंत्रासाठी आहे हे स्पष्ट नसणं हा चौकशीतला एक मोठा मुद्दा होता, आणि नंतर त्या सूचना बदलल्या गेल्या. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम उरलेलं अन्न सगळीकडे ७४ अंशांपर्यंत न्यावं असा आहे, आणि ब्रिटनमध्ये ७० अंश दोन मिनिटं सांगतात. दोन्हींत महत्त्वाचा शब्द आहे ‘सगळीकडे’.

तर वरण. फ्रिजमधलं ५ अंशांचं ३५० ग्रॅम घट्ट तुरीचं वरण ७५ पर्यंत न्यायला सुमारे ९३ हजार ज्यूल लागतात. ७०० वॅटच्या यंत्राला सव्वादोन मिनिटं, भांड्यासकट तीन. ही तीन मिनिटं सलग द्यायची नाहीत. वरण आधी पसरट काचेच्या वाडग्यात ओतायचं, थर चार सेंटीमीटरच्या वर नको. घट्ट असेल तर दोन-तीन चमचे पाणी घालून सैल करायचं. घट्ट वरणाखाली वाफ साठते आणि एकदम उसळी मारते, तेव्हा झाकणही आपटतं. वाडगं थाळीच्या कडेला, बशी उपडी, दीड मिनिट. मग तळापर्यंत चमचा नेऊन कडेचं मधे आणि मधलं कडेला ढकलायचं. फक्त गोल फिरवलं तर कड कडेलाच फिरते आणि मधलं मधेच राहतं. पुन्हा एक मिनिट, पुन्हा ढवळणं, शेवटचं अर्धा मिनिट. झाकून दोन मिनिटं थांबायचं. आता थर्मामीटर मधोमध, कडेला आणि तळाला टोचायचा. तिन्हीकडे ७४ च्या वर असेल तर झालं. कुठे ६० दिसलं तर परत ढवळून अर्धा मिनिट द्यायचा. थर्मामीटर नसेल तर मधल्या भागातून वाफ सतत निघते का, हे पाहायचं. कडेची वाफ फसवते.

जे ढवळता येत नाही तिथे शक्ती कमी करावी लागते. भरली वांगी, पातोडी, मुगवड्यांचा घट्ट रस्सा ढवळले तर मोडतात. साध्या यंत्रात ५० टक्के शक्ती म्हणजे मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण चालू आणि काही सेकंद पूर्ण बंद. त्या प्रत्येक बंद टप्प्यात उष्णतेला थोडं सरकायला वेळ मिळतो, म्हणजे विसावा मधेमधे वाटून दिला जातो. इन्व्हर्टरच्या यंत्रात शक्ती सतत पण कमी असते, परिणाम तोच आणि जरा मऊ. वेळ दुप्पट द्यायचा, वांगी कडेने वर्तुळात मांडायची, मधे रिकामं, आणि अर्ध्या वेळाने प्रत्येक वांगं उलटं करायचं. उलटं करणं हे ढवळण्याच्या जागी थोडंफार चालतं, पूर्ण नाही. जाड वांगं सरळ दोन भागांत कापून तापवावं. दिसायला कमी सुबक, पण मध्य गार राहत नाही. गोठवलेल्या मटारालाही कमी शक्तीच हवी. बर्फ लहरी जवळपास शोषतच नाही आणि पाणी भरपूर शोषतं, त्यामुळे जो दाणा आधी वितळतो तोच सगळी शक्ती ओढून उकळायला लागतो आणि बाजूचा बर्फच राहतो. पोळीला ओल्या कापडात गुंडाळून दहा-पंधरा सेकंद पुरे. त्यापुढे ती आधी मऊ आणि गार झाल्यावर चामड्यासारखी होते. भाकरी तव्यावरच.

भाताचं जरा वेगळं. थिजलेल्या भाताचा गोळा तसाच ठेवला तर वाफेला आत शिरायला जागा नसते. गोळा बोटांनी मोकळा करायचा, वाटीभर भाताला एक मोठा चमचा पाणी शिंपडायचं, झाकून निम्म्या शक्तीवर तापवायचा आणि मधे एकदा उलथायचा. फटी उघडल्या की वाफ आपलं काम करते आणि भात पाहता पाहता मोकळा होतो.

पण भाताच्या बाबतीत झाकण, ढवळणं आणि थांबणं यांतलं काहीच न चालणारी एक जागा आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजवताना मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर ते वाढतात आणि उलट्या करवणारं विष भातात सोडतात. हे विष उकळीनेही नष्ट होत नाही, मग ७४ अंश सगळीकडे अचूक गाठले तरी काय उपयोग. म्हणून भात फ्रिजमध्ये किती लवकर गेला हे त्याला किती नीट तापवलं याच्याहून जास्त मोलाचं. एरवी दोन तास, आणि ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एक तास, असा अमेरिकी कृषी खात्याचा दंडक आहे. आपल्याकडे मार्च ते जून तो एक तासाचाच धरावा. गंजातला भात गंजातच फ्रिजमध्ये ठेवला तर त्याच्या मध्यापासून उष्णता बाहेर यायला तेच संथ मिलिमीटर आडवे येतात. भात ताटात दोन-तीन सेंटीमीटर थरात पसरायचा, वाफ गेली की झाकून लगेच आत. सकाळी तापवताना तोच पातळ थर लहरींनाही सोपा जातो.